बो घ्यायचा कसा? उंची, हाताची पकड आणि सराव बघून काठीचं माप ठरवताना

कराटे शिकता शिकता कोबुदोकडे वळलेला विद्यार्थी पहिलं शस्त्र घेतो ते बहुतेक वेळा बो. लांब, सरळ, दोन्ही हातांनी धरायची लाकडी काठी. कोबुदो ही जपानच्या ओकिनावा बेटांची शस्त्रविद्या आहे आणि तिथे प्रौढांच्या बोचं माप पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. त्याला रोकुशाकुबो म्हणतात, म्हणजे सहा शाकूंची काठी. एक शाकू ३०.३ सेंमी, त्यामुळे पूर्ण लांबी १८१.८ सेंमी. आपल्याकडे ती 'सहा फुटी' म्हणून विकली जाते आणि फरक जेमतेम एका सेंटीमीटरचा असल्यामुळे तसं म्हणायला हरकत नाही.

घोटाळा होतो तो हे ठरलेलं माप सगळ्यांना सरसकट दिल्यावर. आमच्या क्लासमध्ये अकरा वर्षांची एक मुलगी नवा कोरा बो घेऊन आली. तिची उंची १४१ सेंमी, बो १८२ सेंमीचा. टोकापासून टोकापर्यंत सारखाच २.८ सेंमी जाड, वजन काट्यावर ९६० ग्रॅम. मी वडिलांना विचारलं, तर ते म्हणाले, "सर, पोर वाढत्या अंगाची आहे. शाळेचा गणवेश घेतो तसा थोडा मोठाच घेतला. दोन वर्षांनी परत कशाला खर्च?" हिशेब त्यांच्या जागी बरोबर होता. पण सैल गणवेश अंगात घालून शाळेत जाता येतं, लांब काठी घेऊन शिकता येत नाही. ती हाताला चुकीच्या सवयी लावते आणि काठी बदलली तरी त्या जात नाहीत.

तिच्या सरावात काय दिसत होतं ते सांगतो, कारण घरी बघणाऱ्या पालकांनाही ते ओळखता येईल. खालच्या पातळीचा फटका मारताना काठीचं टोक फरशीला लागत होतं, म्हणून ती फटका मुद्दाम वर थांबवायला शिकली होती. पकड हळूहळू मध्याकडे सरकली होती, दोन हातांत वीतभरच अंतर उरलं होतं. फटका थांबला की टोक दोन-तीनदा वर-खाली डुलत होतं. आणि उजवा खांदा सतत कानाकडे चढलेला. ही चारही लक्षणं एकत्र दिसली की मुलाला 'जोर लाव' म्हणण्याआधी काठी मोजायला घ्यावी.

आधी धरायची पद्धत, मग माप

ओकिनावाच्या पद्धतीत बो साधारण तीन समान भागांत धरतात. एक हात पहिल्या तृतीयांशावर, दुसरा दुसऱ्यावर. त्यामुळे पुढे एक भाग, हातांमध्ये एक भाग आणि मागे एक भाग उरतो. १८२ सेंमीच्या बोमध्ये हा प्रत्येक भाग जवळजवळ ६१ सेंमी होतो. मागचा भाग हाताखालून, कोपराच्या मागे जातो आणि पुढच्या फटक्याला तोल देतो. म्हणून बोची लांबी नुसती डोक्याशी जुळवून भागत नाही, ती हाताच्या लांबीशीही जुळावी लागते.

इथेच मर्दानी खेळातली लाठी किंवा तमिळनाडूतल्या सिलंबमची काठी यांची मापं बोला लावू नयेत. त्या काठ्या बऱ्याचदा एका टोकाकडे धरून फिरवतात, त्यांचा तोल वेगळा. घरात आजोबांची लाठी असेल तर तिचा मान आहेच, पण बो शिकायला ती वापरताना दोन अडचणी येतात. बांबूला पेरं असतात आणि बोच्या कित्येक हालचालींत पुढचा हात काठीवरून सरकवावा लागतो, तो प्रत्येक पेरावर अडखळतो. शिवाय बुंध्याकडचं टोक जड आणि शेंड्याकडचं हलकं असतं, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सारखा फटका बसत नाही.

पायरी १: उंची आणि मूठ

अनवाणी उभं राहून उंची मोजा. त्यात स्वतःची एक मूठ मिळवा, म्हणजे मुलांसाठी ७-८ सेंमी, मोठ्यांसाठी ९-१० सेंमी. नवशिक्यासाठी ही लांबी सुरुवातीचा अंदाज म्हणून चांगली. आपल्या मुलीच्या बाबतीत १४१ अधिक ८, म्हणजे १४९. दुकानात तयार मापं साधारणपणे फुटांत आणि अर्ध्या फुटांत मिळतात: १२२, १३७, १५२, १६८ आणि १८३ सेंमी. १४९ ला जवळचं माप १५२.

प्रौढांना हा हिशेब इतका काटेकोर लावायची गरज नसते. उंची १६० ते १७८ सेंमीच्या दरम्यान असेल आणि पारंपरिक काता, म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या हालचाली, शिकायची असेल, तर सरळ सहा फुटी घ्या. १६५ सेंमीच्या माणसाच्या डोक्यावर ती जवळपास सतरा सेंमी जाते, म्हणजे मुठीच्या नियमापेक्षा जास्त, पण प्रौढ हाताला ते झेपतं आणि गुरू, जोडीदार, सगळ्यांची काठी एकाच मापाची राहते. दीडशे सेंमीच्या आसपास उंची असलेल्या प्रौढ व्यक्तीने पहिली एक-दोन वर्षं १६८ सेंमीचा वापरावा असं माझं मत आहे. सहा फूट उंचीच्या वर असणाऱ्यांनी घाईने लांब बो बनवून घेऊ नये. आधी सहा फुटीवर तृतीयांश पकड नीट बसते का ते बघावं, बऱ्याचदा बसते.

पायरी २: वीत लावून बघा

ही चाचणी मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला करायला लावतो. काठीवर तिसऱ्या हिश्श्याच्या खुणा पेन्सिलीने करा. एका खुणेवर मूठ धरा आणि काठीचा मागचा भाग हाताच्या खालच्या अंगाने कोपराकडे टेकवा. कोपराच्या मागे काठी किती उरते ते स्वतःच्या विताने मोजा. एक ते दीड वीत उरली की माप योग्य. वितेपेक्षा कमी असेल तर मागचा भाग तोल देऊ शकत नाही. दोन वीत उरली तर तो बरगड्यांना नाहीतर मांडीला लागणार, आणि ते टाळायला विद्यार्थी पकड बदलणार.

त्या मुलीच्या मुठीपासून कोपरापर्यंतचं अंतर २८ सेंमी होतं आणि वीत साडेसोळा. १८२ च्या काठीचा तृतीयांश ६१, म्हणजे कोपरामागे ३३ सेंमी, बरोब्बर दोन वीत. तिचे हात मध्याकडे का सरकत होते ते इथे समजलं. १५२ च्या काठीचा तृतीयांश ५१, कोपरामागे २३ सेंमी, दीड विताच्या आत.

पायरी ३: लाकडाआधी पाइप

विकत घेण्याआधी मापाची खात्री करायचा एक स्वस्त मार्ग आहे. इलेक्ट्रिकलच्या दुकानात २५ मिलिमीटरचा पीव्हीसी कंड्युट पाइप मिळतो, पूर्ण नळी तीन मीटरची असते. अंदाजापेक्षा दहा सेंमी जास्त ठेवून कापून घ्या. त्यावर आठवडाभर फक्त साधे फटके, अडवणूक आणि खालच्या पातळीचा फटका यांचा सराव करा. नेहमीच्या उभ्या राहण्याच्या पद्धतीत खालचा फटका पूर्ण मारल्यावर टोक जमिनीपासून मूठभर वर थांबलं पाहिजे. लागत असेल तर दोन्ही टोकांकडून अडीच-अडीच सेंमी कापा आणि परत बघा. एकाच टोकाकडून कापलं की मध्य सरकतो आणि पकडीच्या खुणा चुकतात, म्हणून दोन्हीकडून.

पाइप फक्त लांबी ठरवण्यासाठी. तो लवतो आणि हलका असतो, त्यामुळे वजनाबद्दल तो काहीच सांगत नाही. जोडीदाराच्या काठीवर तर मुळीच मारू नका, तडकला की कडा धारदार होतात.

पायरी ४: वजन

दुकानात लोक काठी मधोमध धरून उचलतात आणि 'हलकी आहे' किंवा 'भक्कम आहे' म्हणतात. मधोमध उचलल्यावर फक्त एकूण वजन कळतं. फटका मारताना आणि थांबवताना मनगटावर येतो तो टोकांकडच्या वजनाचा भार. मध्यापासून जितकं लांब वजन, तितकं ते फिरवायला आणि थांबवायला कठीण. जाडी तीच ठेवून काठी दहा टक्के लांब केली तर वजन दहा टक्केच वाढतं, पण ती मध्याभोवती त्याच वेगाने फिरवायला सुमारे तेहेतीस टक्के जास्त जोर लागतो. म्हणून मुलांच्या हातातली लांब काठी काट्यावरच्या आकड्यापेक्षा किती तरी जड जाते.

दुसरा फसवा आकडा जाडीचा. अडीच सेंमी आणि २.८ सेंमी शेजारी ठेवल्या तर डोळ्यांना फारसा फरक दिसत नाही, पण लाकूड आणि लांबी तीच असताना वजन पाव पटीने वाढतं. जाडी आधी पकडीने तपासा. मूठ वळल्यावर मधलं बोट अंगठ्याच्या मुळाशी जवळजवळ टेकावं, मध्ये बारीक फट राहिली तर चालेल. बोटं तळव्यात रुतत असतील तर काठी बारीक आहे, मोठी फट राहत असेल तर पकड लवकर थकते. दहा-बारा वर्षांच्या मुलांना २.० ते २.४ सेंमी, बहुतेक प्रौढांना २.५ ते ३.० सेंमी जुळते.

उत्तम पारंपरिक बो मध्ये जाड आणि दोन्ही टोकांकडे निमुळता असतो, मध्ये सुमारे ३ सेंमी आणि टोकांना २.४ सेंमीच्या आसपास. असा बो काट्यावर सरळ काठीइतकाच भरला तरी हातात चपळ वाटतो, कारण वजन मध्याकडे आहे. शक्य असेल तर नवशिक्याने असाच घ्यावा. यात एक सापळा आहे: निमुळता बो विकत घेऊन तो मुलाच्या मापाला कापायचा विचार करू नका. कापली जातात ती बारीक टोकं, उरतो तो जाड, जड मधला भाग. कापायची असेल तर सरळ, एकसारख्या जाडीची काठी घ्या.

ढोबळ अंदाज हवा असेल तर, सहा फुटी लाकडी बो पारंपरिक काता करणाऱ्या प्रौढाला ७५० ग्रॅम ते एक किलोपर्यंत ठीक जातो. दीडशे सेंमीच्या आसपासचा मुलांचा बो ४०० ते ५५० ग्रॅमचा पुरे. पण शेवटचा शब्द काट्याचा मानू नका, ही चाचणी करा. पूर्ण वेगाने समोर दहा फटके मारायला लावा आणि टोकाकडे बघा. पहिल्या फटक्याला टोक जिथे आणि जसं थांबलं, तिथेच आणि तसंच ते दहाव्याला थांबलं पाहिजे. आठव्या-नवव्याला टोक खाली झुकायला लागलं, डुलायला लागलं किंवा अंगठ्याकडच्या बाजूने मनगट दुखायला लागलं, तर काठी या विद्यार्थ्याला आज जड आहे. उलट टोक थांबताना काहीच जाणवत नसेल, फटका हवेत हरवल्यासारखा वाटत असेल, तर ती फार हलकी आहे आणि तिच्यावर कमरेचा जोर वापरायला तो शिकणार नाही.

पायरी ५: शिकून करायचं काय आहे?

हा प्रश्न आधी विचारला तर अर्धी खरेदी सोपी होते.

पारंपरिक काता शिकायची असेल, उदाहरणार्थ पुष्कळ ठिकाणी सुरुवातीला शिकवली जाणारी शुशी नो कोन, तर वर सांगितलेला मध्यम वजनाचा, निमुळता, सहा फुटी बो. इथे काठीचं वजन कमरेतून काढलेला जोर टोकापर्यंत पोचतो की नाही हे दाखवतं, म्हणून फार हलकी नको.

जोडीने सराव, म्हणजे काठीवर काठी आदळणार असेल, तर वजनाहून लाकूड महत्त्वाचं. जपानमधली पांढरी आणि लाल ओक ही दाट, जड लाकडं त्यासाठी वापरली जातात. इथे नावाची फसगत होते. 'रेड ओक' म्हणून विकलं जाणारं लाकूड अमेरिकन असू शकतं. ते जपानी लाल ओकपेक्षा, म्हणजे आकागाशीपेक्षा, हलकं आणि जास्त सच्छिद्र, त्यामुळे एकट्याच्या सरावाला ठीक, पण जोरात आदळल्यावर रेषेवर फाटण्याची शक्यता जास्त. विकणाऱ्याला लाकूड कुठलं ते स्पष्ट विचारा. नीट उत्तर मिळालं नाही तर ती काठी जोडीच्या सरावात नेऊ नका. भरीव वेताची काठी हा दुसरा चांगला पर्याय आहे. ती लवते, धक्का खाते आणि फुटताना भाल्यासारखी तुटत नाही, तिचे धागे सुटतात. अडीच सेंमीपेक्षा बारीक लाकडी काठी जोडीसाठी नको, आणि दोघांच्या काठ्यांची लांबी शक्यतो सारखी असावी, नाहीतर अंतराचा अंदाज दोघांचाही चुकीचा तयार होतो.

खुल्या स्पर्धेत बो भराभर फिरवणं, हवेत उडवून झेलणं करायचं असेल, तर ती काठी वेगळीच वस्तू आहे. बारीक, टोकांकडे खूप निमुळती, अनेकदा ४०० ग्रॅमच्या आतली, उंचीइतकी किंवा थोडी कमी. तिच्यावर चपळाई येते. पण ती आदळण्यासाठी बनलेली नसते आणि काताच्या परीक्षेत चालेल की नाही हे आयोजकांना आधी विचारावं. एकच बो परवडणार असेल आणि मूल दोन्ही करणार असेल, तर मी काताचाच बो घ्यायला सांगेन. जड काठीवरून हलक्या काठीकडे जाणं सोपं असतं. हलक्या काठीवर मनगटाने फिरवायची सवय झालेलं मूल पुढे कमर वापरायला फार उशिरा शिकतं.

ताकद वाढवायला जड बो हवा असेल, तर तो दुसरा बो म्हणून घ्या, आणि त्यावर मोजके, सावकाश फटके मारा. रोजची काता त्यावर करू नका.

पायरी ६: दुकानात किंवा घरी आल्यावर तपासणी

काठी सपाट टेबलावर ठेवून लाटण्यासारखी लोटा. खडखडत, उड्या मारत गेली तर वाकडी आहे. मग एका बोटावर तोलून मध्य शोधा आणि टेपने मोजा. तोलाचा मध्य आणि मापाचा मध्य यांत एक-दोन सेंमीचा फरक चालतो, चार-पाच सेंमीचा चालत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं, लाकडाच्या रेषा. उजेडात काठी फिरवत बघा. रेषा टोकापासून टोकापर्यंत काठीच्या सोबत धावल्या पाहिजेत. मध्येच तिरप्या होऊन कडेने बाहेर पडत असतील, तर काठी तिथेच तुटेल आणि तुटलेलं टोक अणकुचीदार असेल. लाकडात गाठ दिसली, विशेषतः पकडीच्या जागी किंवा मधल्या तृतीयांशात, तरी ती काठी परत करा.

चकचकीत व्हार्निश असेल तर घामाने हात एक तर चिकटतो किंवा घसरतो. बारीक सँडपेपरने ते उतरवून, कापडाने जवसाच्या तेलाचा पातळ हात फिरवा आणि दोन दिवस सुकू द्या. तेलाची ओली चिंधी चुरगाळून टाकू नका, ती आपोआप तापून पेटू शकते. उघडी पसरून सुकवा आणि मग टाका. पावसाळ्यात काठी भिंतीला तिरकी टेकवून ठेवली की वाकते, म्हणून आडवी, दोन-तीन ठिकाणी आधार देऊन ठेवा.

त्या मुलीचं पुढे

तिच्यासाठी १५२ सेंमीचा, मध्ये २.४ आणि टोकांना १.९ सेंमीचा बो घेतला. वजन ४१५ ग्रॅम. जुन्या काठीच्या निम्म्याहून कमी, आणि लांबी कमी झाल्यामुळे फिरवायला लागणारा जोर एक तृतीयांशाच्याही खाली आला. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "सर, ही खोटी वाटते." इतकी सवय जड काठीशी झगडायची झाली होती. खुणांवर रंगीत चिकटपट्टीचे दोन पातळ वेढे लावले, म्हणजे हात मध्याकडे सरकला की तिचं तिलाच कळावं. खांदा खाली यायला तीन आठवडे लागले, टोक डुलायचं थांबायला त्याहून जास्त.

वडिलांच्या खर्चाच्या प्रश्नाचं उत्तरही मापातच होतं. या वयात मुली वर्षाला साधारण सहा ते आठ सेंमी वाढतात, म्हणजे १५२ चा बो तिच्या डोक्याच्या वर वर्षभर तरी राहणार. दर सहा महिन्यांनी आम्ही वीत लावून बघतो. कोपरामागे विताहून कमी उरलं की १६८ चा. आधीची सहा फुटी काठी घरी कपाटामागे आडवी ठेवलेली आहे. पण ती सरळ आणि जाड असल्यामुळे, तिची वेळ येईल तेव्हा सुताराकडून टोकांकडे थोडी रंधून घ्यावी लागेल, असं मी त्यांना आत्ताच सांगून ठेवलं आहे.